ताण चाचणी + पीळ चाचणी : E आणि G मिळाले, पण पॉयसन रेशो उणे येतोय

वैदेही_मेक

नमस्कार मंडळी. नागपूरला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये एका शाफ्टचं सॉफ्टवेअरमध्ये विश्लेषण करायचंय आणि गाइड सरांची अट अशी की मटेरियलचे आकडे पुस्तकातून उचलायचे नाहीत, आपल्याच बारवर चाचणी करून काढायचे. माइल्ड स्टीलचा १२ मिमी काळा बार आणला, त्यातूनच लेथवर १० मिमीला उतरवून दोन नमुने केले. एक यूटीएमवर ओढायला, दुसरा टॉर्शन मशीनवर पिळायला. या दोन चाचण्यांतून यंग्ज मॉड्युलस E, शिअर मॉड्युलस G, बल्क मॉड्युलस K आणि पॉयसन रेशो ν असे चारही काढायचे आहेत. सूत्रं ही:

```
ν = E/(2G) − 1
K = E·G / (3·(3G − E))
```

ताण चाचणी: भार ४ ते १६ किलोन्यूटन नेला, दोन पकडींमधली लांबी २०० मिमी, तेवढ्यात क्रॉसहेड ०.३१ मिमी सरकला. त्यावरून E आला ९८.६ गिगापास्कल.

पीळ चाचणी: टॉर्क ४ ते २० न्यूटन-मीटर, लांबी १५० मिमी, मशीनच्या तबकडीवर कोन १.९ अंशांनी वाढला. G आला ७३.७.

आता सूत्रात घातलं तर पॉयसन रेशो उणे ०.३३ आणि बल्क मॉड्युलस जेमतेम २० येतो. आकडेमोड तीनदा तपासून झाली. गडबड नेमकी कुठे आहे, आणि दोन्ही चाचण्या परत करायच्या की एकच? मशीन पुढच्या आठवड्यात पुन्हा मिळेल.

धंतोलीचा_सिव्हिल

पॉयसन रेशो उणे येऊच शकत नाही. कोणतीही वस्तू ओढली की बारीक होते, जाड नाही. त्यामुळे तुमचे दोन्ही आकडे रद्द समजा. स्टीलसाठी ०.३ सगळं जग घेतं, तोच घ्या. E २०० धरा, G आपोआप ७७ येईल, काम संपलं. शिवाय एप्रिलमध्ये चाचणी केली असेल तर नागपूरचं ऊनही लक्षात घ्या. ४४-४५ डिग्रीला स्टील मऊ पडतं, E कमी येणारच.

मोजमाप

वैदेही, तुझी आकडेमोड बरोबर आहे आणि सूत्रंही बरोबर आहेत. चूक मोजण्याच्या जागेत आहे. आधी सिव्हिलभाऊंच्या मुद्द्यांबद्दल बोलतो, म्हणजे धागा भरकटणार नाही.

उणे पॉयसन रेशो अशक्य नाही. सगळ्या दिशांना सारखा असलेल्या पदार्थासाठी तो उणे १ ते ०.५ यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. ओढल्यावर आडवा फुगणारा फोम १९८७ मध्ये रॉडरिक लेक्स यांनी बनवून दाखवला होता. पण माइल्ड स्टीलमध्ये उणे आकडा आला की मोजमाप चुकलं, इथवर भाऊ अगदी बरोबर आहेत.

उन्हाचं म्हणाल तर २० डिग्रीवरून ४५ वर गेलं तरी स्टीलचा E एखाद्या टक्क्याच्या आतच खाली येतो. २०५ चा ९८ होण्याचं ते कारण नव्हे. उन्हाचा त्रास दुसऱ्याच वाटेने होतो, तो पुढे सांगतो.

आता मूळ गोष्ट. क्रॉसहेड ०.३१ मिमी सरकला म्हणजे बार ०.३१ मिमी लांबला असं नाही. त्या ०.३१ मध्ये मशीनचे खांब ताणले गेले तेही आहे, पकडीचे दात बारमध्ये रुतले तेही आहे, पाचरी आपापल्या जागी बसल्या तेही आहे. हिशोब करून बघ. १० मिमी बारच्या छेदाचं साधारण ७८.५ चौरस मिमी क्षेत्र, त्यावर १२ किलोन्यूटन वाढले, म्हणजे स्ट्रेस १५३ मेगापास्कलने वाढला. E जर २०५ असेल तर २०० मिमी लांबीत बार फक्त ०.१५ मिमी लांबायला हवा. उरलेला अर्ध्याहून जास्त आकडा मशीनचा आहे, तुझ्या स्टीलचा नाही. म्हणून E साठी क्रॉसहेड कधीच वापरायचा नाही. बारच्या मधल्या सारख्या भागावर एक्स्टेन्सोमीटर बांधायचा आणि त्याच्या दोन टोकांमधलीच वाढ वाचायची.

पिळाचंही तेच. तबकडी चकचा कोन दाखवते, बारचा नाही.

वैदेही_मेक

धन्यवाद सर. लॅबमध्ये ५० मिमी गेज लांबीचा एक्स्टेन्सोमीटर आहे, लीस्ट काउंट ०.००१ मिमी. तो लावला तर E नीट मिळेल. मग G तोच ७३.७ ठेवून चालेल का? पुस्तकात ७७ ते ८० दिलाय, म्हणजे फार लांब नाही. टॉर्शन मशीनला दुसरं काही जोडायची सोय आमच्याकडे नाही.

मोजमाप

नाही चालणार, आणि का नाही ते समजून घेण्यासारखं आहे, कारण या सगळ्या पद्धतीचा जीव तिथेच अडकलाय.

समज तुला E बरोबर २०५ मिळाला. G तुझा ७३.७. पॉयसन रेशो आता ०.३९ येईल, बल्क मॉड्युलस ३१३. स्टीलचा बल्क मॉड्युलस १६०-१७० च्या आसपास असतो. म्हणजे G फक्त सहा-सात टक्के कमी आला आणि K जवळजवळ दुप्पट झाला.

कारण सूत्राच्या छेदात आहे. तिथे 3G − E आहे. 3G म्हणजे २२१, E म्हणजे २०५, वजाबाकी १६. खरा G ७९.५ च्या जवळ असेल तर तीच वजाबाकी ३३ होईल. दोन मोठे आकडे एकमेकांतून वजा करून लहान आकडा काढायचा म्हणजे वजनकाट्यावर ट्रक एकदा ड्रायव्हरसकट आणि एकदा ड्रायव्हरशिवाय चढवून ड्रायव्हरचं वजन काढण्यासारखं आहे. काटा अगदी चांगला असला तरी ड्रायव्हरच्या वजनाचा भरवसा नाही.

स्टीलसारख्या पदार्थासाठी अंदाज असा लक्षात ठेव: E किंवा G यापैकी एकात एक टक्का चूक झाली तर पॉयसन रेशो ०.०१३ ने हलतो, आणि बल्क मॉड्युलस सहा ते साडेसात टक्क्यांनी. E वर चुकला आणि G खाली चुकला तर दोन्ही चुका एकमेकींत मिळतात. दोन्ही एकाच बाजूला सारख्या प्रमाणात चुकले तर पॉयसन रेशो जागचा हलत नाही. म्हणून भार मोजायचा लोडसेल आणि टॉर्क मोजायची यंत्रणा वेगवेगळी असली की काळजी जास्त.

रबरवाला_हिंगणा

मोजमाप साहेब, बरं झालं हा धागा निघाला. हिंगण्याला माझं रबर बुशचं छोटं युनिट आहे. एका गिऱ्हाइकानं डेटाशीटमध्ये बल्क मॉड्युलस मागितला. आमच्याकडे शोअर हार्डनेस मोजायचं यंत्र आहे, तेवढ्यावर आजवर भागलं. ताण चाचणी बाहेरून करून आणली, पिळाचीही करून घेतो म्हणतो. या ताईच्या सूत्रात टाकलं की रबराचा K निघून जाईल ना? आमच्याकडे तर आकडे लय लहान येऊन राहिले, एक-दोन मेगापास्कलचे, मग चूकही लहानच येईल असं मला वाटते.

मोजमाप

रबरवाले भाऊ, तुमच्या बाबतीत ही पद्धत अजिबात लावू नका. रबर दाबलं की आकार बदलतं, आकारमान जवळपास बदलत नाही. म्हणजे पॉयसन रेशो ०.५ ला टेकलेला असतो आणि E जवळजवळ G च्या तिप्पट. छेदातली वजाबाकी शून्याच्या इतकी जवळ जाते की तुमच्या मोजमापातला अर्धा टक्का इकडेतिकडे झाला तर K कधी हजारो मेगापास्कल येईल, कधी उणे येईल. E आणि G एक-दोन मेगापास्कलचे असताना K मात्र हजारात असतो. लहान आकड्यांतून तो निघणार नाही.

रबरासाठी जाड भिंतीच्या पोलादी नळीत घट्ट बसणारा रबराचा दट्ट्या ठेवून वरून दाबतात, बाजूला फुगायला जागाच ठेवत नाहीत. त्यातून K थेट मिळतो. आणि हार्डनेसवरून E चा साधारण अंदाज बांधतात, पण K चा हार्डनेसशी संबंध लावू नका. गिऱ्हाइकाला नक्की काय हवंय तेही एकदा विचारा. बुश किती दबेल हे हवं असेल तर त्याला K नको, त्या बुशच्या आकाराची कडकपणाची चाचणी हवी आहे.

रबरवाला_हिंगणा

समजलं. विचारून घेतो. तो बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये टाकायलाच मागून राहिला.

सई_टी

मीही नागपूरचीच, आता पुण्यात सिम्युलेशनचं काम करते. वैदेही, एवढा खटाटोप कशाला? ताणाच्याच नमुन्यावर दोन स्ट्रेन गेज चिकटव, एक उभा, एक आडवा. दोन्ही आकड्यांचा भागाकार म्हणजे पॉयसन रेशो. पिळायची गरजच नाही. E आणि ν हातात आले की G आणि K त्यातूनच निघतील. वजाबाकीचा तो त्रासही वाचेल.

धंतोलीचा_सिव्हिल

किंवा स्ट्रेन गेजही नको. भार लावलेला असताना मायक्रोमीटरने व्यास मोजा. किती बारीक झाला ते कळेल.

मोजमाप

सई, पॉयसन रेशोसाठी तुझी सूचना उत्तम आहे आणि वैदेहीला जमलं तर तिने ते पडताळणी म्हणून जरूर करावं. पण K च्या बाबतीत सुटका पूर्ण होत नाही. E आणि ν वरून K काढताना छेदात १ वजा २ν येतो, तीही वजाबाकीच. ०.२९ चा ०.३० झाला तरी K पाच टक्के हलतो. दुसरं, १० मिमीच्या गोल बारवर आडवा गेज वळवून चिकटवावा लागतो. थोडा तिरका बसला की उभ्या दिशेचा ताण त्यात शिरतो, आणि उभा ताण आडव्याच्या तिपटीहून मोठा असल्यामुळे आकडा लगेच बिघडतो. हात बसलेला माणूस हवा. आणि वैदेहीच्या शाफ्टला पीळच येणार आहे, तेव्हा G थेट मोजलेला असणं तिच्या कामाचं आहे.

सिव्हिलभाऊ, व्यासाचा हिशोब मांडू या. तिच्या पूर्ण भाराला बारचा उभा ताण लाखात ७५ च्या आसपास. आडवा त्याच्या ०.२९ पट. १० मिमी व्यास म्हणजे दोन मायक्रॉनच्या जरा वर बारीक होणार. वर्कशॉपचा मायक्रोमीटर दहा मायक्रॉनची एक रेघ दाखवतो. काहीच दिसणार नाही.

वैदेही, पिळाची सोय घरच्या घरी करता येते. बारच्या सरळ भागावर १०० मिमी अंतराने दोन कॉलर बसव, प्रत्येकी टोकदार स्क्रूने पकडलेल्या. एका कॉलरवर डायल गेज बांध, दुसरीवरून एक दांडी अशी आण की ती गेजच्या टोकाला टेकेल. गेजचं टोक बारच्या मध्यापासून १०० मिमीवर ठेव. मग चक सरको, घसरो, काही होवो, गेज फक्त त्या १०० मिमी तुकड्याचा पीळ दाखवेल. तुझ्या १६ न्यूटन-मीटरला गेज साधारण दोन मिमी फिरेल, म्हणजे ०.०१ मिमीच्या गेजवर दोनशे रेघा. भरपूर झाल्या. फक्त ते १०० मिमीचं हाताचं अंतर आणि कॉलरमधलं अंतर नीट मोज, दोन्हीत एक मिमी चूक म्हणजे एक टक्का.

भार चढवताना जसे आकडे घेशील तसे उतरवतानाही घे. उतरल्यावर गेज मूळ जागी आला नाही तर काहीतरी घसरलंय. चकच्या तोंडाशी बारवर आणि जबड्यावर मिळून एक स्क्रायबरची रेघ ओढून ठेव. रेघ तुटली की चकमध्ये घसरण झाली हे डोळ्यांनीच कळेल. कॉलरपाशीही तशीच रेघ ओढ, कारण कॉलरच घसरली तर गेज खोटं बोलेल.

सई_टी

चकमध्ये घसरलं तरी कॉलरवाला आकडा बिघडत नाही ना? मग चकपाशी रेघ कशासाठी?

मोजमाप

आकडा बिघडत नाही, पण घसरताना टॉर्क धक्क्याने बदलतो आणि त्या क्षणी वाचलेला टॉर्क आणि कोन एकमेकांचे नसतात. असे बिंदू आलेखातून काढून टाकावे लागतात. कोणते काढायचे ते रेघ सांगते.

वैदेही_मेक

कॉलर आमच्या वर्कशॉपमध्ये करून घेतल्या. दोन्ही चाचण्या झाल्या. आकडे देते.

ताण: एक्स्टेन्सोमीटर एका बाजूला लावून E आला १९८. नमुना तसाच ठेवून एक्स्टेन्सोमीटर बरोबर विरुद्ध बाजूला लावला तर २१२. दोन्ही वेळा आलेख सरळ रेषेत, उतरताना त्याच रेषेवर परत. मग खरा कोणता?

पीळ: ४ ते २० न्यूटन-मीटरला गेज २.०५ मिमी. चढताना-उतरताना एका रेघेचा फरक. चकपाशी रेघ थोडी तुटली, कॉलरपाशी नाही. G येतो ७९.५.

आणि एक. पहिल्यांदा केली तेव्हा आकडा वर-खाली होत होता, मग लक्षात आलं की कूलरचा झोत थेट नमुन्यावर येत होता. कूलर बंद केल्यावर थांबलं. हा योगायोग की खरंच संबंध आहे?

मोजमाप

छान काम केलंस.

कूलरचा संबंध खरा आहे, आणि उन्हाचा त्रास दुसऱ्या वाटेने होतो म्हणालो होतो ती वाट हीच. स्टील एका डिग्रीला दशलक्षात १२ भाग प्रसरण पावतं. तुझ्या सगळ्या भाराचा ताण दशलक्षात ७४५ भाग. चाचणी चालू असताना बार तीन डिग्री थंड झाला तर ३६ भाग गेले, म्हणजे जवळपास पाच टक्के. एक्स्टेन्सोमीटरही थोडा आकसतो, पण बारच्या बरोबरीने नाही आणि त्याच वेळी नाही. खोली ४० डिग्रीला असली तरी चालेल, ती चाचणीच्या दरम्यान स्थिर हवी. नमुना मशीनमध्ये लावून थोडा वेळ तसाच राहू द्यावा, आणि हाताने धरलेल्या बारवर लगेच वाचन घेऊ नये.

१९८ आणि २१२ हे दोन्ही खरे आहेत, पण दोन्ही अर्धे. पकडी किंचित वाकड्या बसल्या की बार ओढला जातानाच थोडा वाकतो. एक बाजू जास्त ताणली जाते, समोरची कमी. समोरासमोरच्या दोन ताणांची सरासरी घेतली की वाकण्याचा भाग निघून जातो. ताणांची सरासरी घे, E ची नको. इथे फरक पडत नाही, २०४.८ येईल, २०५ धर.

G ७९.५ आणि E २०५ घेतले तर पॉयसन रेशो ०.२९ च्या एक केस आत, आणि K १६२. पण थांब. पिळाच्या नमुन्याचा व्यास किती धरलास?

वैदेही_मेक

१० मिमी. ड्रॉइंगमध्ये १० आहे. ताणाचा नमुना मायक्रोमीटरने मोजला होता, १०.०० भरला. पिळाचा व्हर्नियरने बघितला, १० च दिसला.

लेथ_आणि_मी

ताई, मी बुटीबोरीला लेथवर असतो. १० मिमीचा दीडशे-दोनशे मिमी लांब बार टेलस्टॉकच्या आधाराने उतरवला तरी मध्यभागी तो टूलपासून दूर पळतो. कट मध्यभागी कमी बसते, बार मधे जाड आणि टोकांना बारीक राहतो. शेवटची कट बारीक घेतली नसेल तर पाच-सहा शतांश मिमीचा फरक सहज पडतो. व्हर्नियरवर हे दिसत नाही. मायक्रोमीटरने पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा दोनदा मोजा. आणि लांब नमुन्याला मधे आधार देणारी स्टेडी लावायला सांगत जा.

मोजमाप

लेथवाले भाऊंनी अगदी मोक्याची गोष्ट सांगितली. ताणात व्यासाचा वर्ग येतो, पिळात चौथा घात. व्यासात अर्धा टक्का चूक म्हणजे E मध्ये एक टक्का, पण G मध्ये दोन टक्के. तुझा व्यास १० ऐवजी ९.९५ निघाला तर तोच गेजचा आकडा ठेवून G ८१.१ होईल, पॉयसन रेशो ०.२६ आणि K १४५. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकासाठी K १७ गिगापास्कलने खाली. बाकी सगळं काम उत्तम करून इथे हातचं सोडू नकोस.

फक्त कॉलरमधल्या १०० मिमीचाच व्यास मोज. बाहेर काय आहे त्याच्याशी आपला संबंध नाही.

धंतोलीचा_सिव्हिल

म्हणजे एवढं सगळं करूनही शेवटी व्यासावर अडलं. मग पुस्तकातले ०.३ काय वाईट होते? माझा मुद्दा अजूनही तोच आहे. स्टीलसाठी पॉयसन रेशो मोजण्यापेक्षा पुस्तकातला जास्त भरवशाचा आहे.

मोजमाप

भाऊ, साध्या स्टीलच्या पॉयसन रेशोबाबत तुमच्याशी मी बराचसा सहमत आहे. ०.२७ ते ०.३० च्या बाहेर तो क्वचितच जातो, आणि दोन चाचण्यांतून त्याहून नेमका काढणं अवघड आहे. पण तिला चाचणी स्वतः करायची आहे, आणि पुस्तकातला ०.३ एवढ्यासाठी कामाचा आहे की तिचा आकडा ०.३९ आला तर कुठेतरी चुकलंय हे ताबडतोब कळतं. अनोळखी मिश्रधातू आला तर मात्र पुस्तक मदतीला नसतं.

सई_टी

सर, मग ताणाऐवजी वाकवण्याची चाचणी केली तर? १८५९ मध्ये किर्खहोफने पोलादी सळ्या एकाच वेळी वाकवून आणि पिळून पॉयसन रेशो काढला होता, त्याला ०.२९ च्या आसपास आकडा मिळाला होता. वाकण्यातही व्यासाचा चौथा घात येतो आणि पिळण्यातही. एकाच सळीवर दोन्ही केलं की भागाकारात व्यास पूर्ण उडून जातो:

```
EI/(GJ) = E/(2G) = 1 + ν
```

व्यास मोजायचाच नाही. मला ही युक्ती फार आवडते.

मोजमाप

युक्ती सुंदर आहे, आणि पॉयसन रेशोपुरती ताण चाचणीपेक्षा सरस आहे. दोन गोष्टी मात्र बघ. बार थोडा लंबगोल असेल तर वाकताना कोणत्या बाजूने वाकवला यावर आकडा बदलतो, म्हणून दोन्ही दिशांनी वाकवून सरासरी घ्यावी लागते. आणि K साठी E स्वतंत्रपणे लागतोच, तिथे व्यास परत येतो. वैदेहीला ताण आणि पीळ असंच ठरवून दिलंय, त्यामुळे तिने तेच पूर्ण करावं.

वैदेही_मेक

कॉलरमधल्या भागाचा व्यास मायक्रोमीटरने पाच ठिकाणी मोजला. मधे ९.९९, टोकांकडे ९.९६-९.९७. सरासरी ९.९८ धरली. लेथवाले दादांनी सांगितलं तसाच मधे जाड निघाला.

आता G ८०.१, पॉयसन रेशो ०.२८, K १५५. रिपोर्टमध्ये K १५५ असाच लिहू का? सॉफ्टवेअर फक्त E आणि ν मागतं.

मोजमाप

नुसता १५५ लिहू नकोस. तुझ्या E आणि G मध्ये प्रत्येकी एक टक्का अनिश्चितता धर, तेवढी तर आहेच: लोडसेल, टॉर्क, कॉलरमधलं अंतर, व्यास. मग पॉयसन रेशो ०.२८ अधिक-उणे ०.०२ आणि K १५५ अधिक-उणे १४ असं लिही. म्हणजे साधारण १४० ते १७०, आणि पुस्तकातला आकडा त्यात बसतो. E २०५ आणि G ८०.१ मात्र अधिक-उणे एक टक्क्याने लिही, ते तुझे थेट मोजलेले आकडे आहेत.

सॉफ्टवेअरला E आणि ν देशील तेव्हा ν चे दशांश कापू नकोस. E २०५ आणि ν ०.२८ दिले की ते G स्वतः ८०.१ काढेल, तुझ्या मोजलेल्या G शी जुळेल. सवयीने ०.३ टाकलास तर G ७८.८ होईल आणि शाफ्टचा पीळ दीड टक्का जास्त दिसेल. तुझ्या प्रोजेक्टमध्ये मोजायचा आहे तो पीळच.

सई_टी

एक शंका अजून आहे. पिळात बाहेरच्या थराचंच राज्य असतं. त्रिज्येचा बाहेरचा पाव भाग जवळजवळ दोनतृतीयांश पीळ पेलतो. ताणात सगळा छेद सारखा. काळा बार रोलिंगमधून येतो, त्यात बाहेरचे आणि आतले दाणे वेगळ्या दिशांना ओढलेले असू शकतात. मग पदार्थ सगळीकडे आणि सगळ्या दिशांना सारखा आहे हे गृहीतकच थोडं डळमळतं, आणि ही सूत्रं त्यावरच उभी आहेत. तिचा ०.२८ त्यामुळे खाली आला असेल का?

मोजमाप

असू शकतं. गरम रोलिंगच्या माइल्ड स्टीलमध्ये हा परिणाम एक-दोन टक्क्यांपलीकडे जाणार नाही असं मला वाटतं, पण तिच्या अनिश्चिततेएवढाच तो असल्यामुळे या आकड्यांवरून वेगळा काढता येणार नाही. ओढून केलेल्या ब्राइट बारमध्ये मी जास्त धास्तावलो असतो.

लेथ_आणि_मी

१२ चा बार १० ला उतरवला म्हणजे वरचा एक मिमी थर तर निघूनच गेला की. बाहेरचा वेगळा थर त्यातच गेला नसेल का?

सई_टी

वरची कातडी गेली हे खरं, पण रोलिंगचा परिणाम एक मिमीत संपतो असं नाही. वैदेही, उरलेल्या बारचा तुकडा असेल तर एक नमुना अॅनिलिंग करून परत पीळ. G बदलला तर कळेल.

वैदेही_मेक

३०० मिमीचा एक तुकडा आहे. भट्टी दुसऱ्या विभागात आहे, विचारून बघते. तापवल्यावर वर खवले धरतील, म्हणजे परत लेथवर घ्यावा लागेल आणि व्यास पुन्हा पाच ठिकाणी मोजावा लागेल. दादा, स्टेडी कशी लावायची ते जरा सविस्तर सांगाल का?